आधी वर्षाचे तास मोजा, मग माणूस ठरवा

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन्ड पार्ट्सचं युनिट आहे, ५५ माणसं. आठ वर्षांपूर्वी केलेली वेबसाइट नव्याने करायची आहे. एक फ्रीलान्सर ७० हजार म्हणतो. कोथरूडची सहा-सात जणांची एजन्सी अडीच लाख आणि पुढे महिना दहा हजार एएमसी म्हणते. माझे भागीदार म्हणतात, त्यापेक्षा ३० हजारांवर एक मुलगा ठेवू, साइट बघेल आणि बाकीची कामंही करेल. जुनी साइट केलेले गृहस्थ आता कधीतरीच फोन उचलतात. काय करावं?

उत्तर:

तुमच्यासमोरचे तिन्ही आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत, म्हणून ते शेजारी ठेवून निर्णय होत नाहीये. ७० हजार हा साइट बांधण्याचा खर्च आहे, पुढचं त्यात काही नाही. अडीच लाख आणि महिना दहा हजार यात बांधणं आणि सांभाळणं दोन्ही आहे. तीस हजार पगार म्हणजे एका माणसाचा महिन्याचा वेळ. त्या वेळात साइट नीट उभी राहील, याची हमी त्यात कुठेच नाही.

मी सहा वर्षं एकटीने फ्रीलान्सिंग केलं, मग नऊ वर्षं कर्वे रोडवर सात जणांची एजन्सी चालवली. आता कंपन्यांच्या बाजूने बसून अशी कामं करून घेते. तिन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत असं झालंय की साइट कोण बांधणार याला लोक फार महत्त्व देतात. बांधणं दोन-तीन महिन्यांत संपतं. सांभाळणं पाच-सात वर्षं चालतं. म्हणून सांभाळायला वर्षाला किती तास लागतील ते आधी काढायचं आणि त्यावरून माणूस ठरवायचा.

हे तास अंदाजाने सांगायला गेलं की सगळेच चुकतात. चाकणची जिग-फिक्श्चर बनवणारी एक कंपनी माझ्याकडे नेमका हाच प्रश्न घेऊन आली होती. त्यांना वाटायचं की साइटचं काम रोजच निघतं. आम्ही एक दुपार बसून मागच्या बारा महिन्यांचे मेल आणि व्हॉट्सअॅपचे निरोप चाळले आणि साइटबद्दल जे जे सांगितलं गेलं ते एका कागदावर उतरवलं. वर्षभरात ३१ कामं निघाली होती. त्यातली २२ मजकुराची होती: नवं व्हीएमसी मशीन आलं त्याचा फोटो टाका, आयएसओ प्रमाणपत्राची नवी प्रत लावा, ऑपरेटर हवेत अशी सूचना द्या, स्टोअरचा फोन नंबर बदला. अशा कामाला अर्धा तास धरा, म्हणजे ११ तास. सहा कामं दुरुस्तीची होती, फॉर्म चालत नाही किंवा अपडेटनंतर पान विस्कटलं अशी. प्रत्येकी तीन तास धरले तर १८. आणि तीनच कामं खरोखर नवी होती, त्यांना प्रत्येकी बारा तास लागले, म्हणजे ३६. सगळे मिळून ६५ तास.

आठ तासांचा दिवस धरला तर वर्षाला आठ दिवस. तेवढ्यासाठी त्या कंपनीत पगारी माणसाची जाहिरात लिहून तयार होती.

तुमचा आकडा वेगळा असेल. पण जुन्या गृहस्थांना वर्षभरात तुम्ही काय काय सांगितलं ते काढून बघा. ते फोन उचलत नाहीत म्हणून बरीच कामं सांगायचीच राहिली असतील, तीही धरा. तरी तुमच्या प्रकारच्या युनिटला महिन्याला पाच ते दहा तासांपलीकडे आकडा गेलेला मी क्वचितच पाहिलाय. महिन्याला ऐंशी-शंभर तास होतात ते कुठे? जिथे साइटवरूनच विक्री होते, जिथे डीलर लॉग-इन करून ऑर्डर टाकतात, जिथे ईआरपीतला स्टॉक साइटवर दिसतो. तुमचं तसं असेल तर पुढचं सगळं गणित बदलतं आणि घरचा माणूस ठेवण्यात अर्थ आहे. मात्र तो सुट्टीवर गेल्यावर बघायला बाहेरचं कोणीतरी तरीही लागतं.

आता भागीदारांचा मुद्दा. "बाकीची कामंही करेल" हे वाक्य मी खूप ऐकलंय आणि त्यात तथ्य आहे, फक्त ती बाकीची कामं कोणती हे लिहून काढायला हवं. पार्ट्सचे नीट फोटो काढणं, कॅटलॉग अद्ययावत ठेवणं, प्रदर्शनाची तयारी, आलेल्या चौकशीला त्याच दिवशी उत्तर जातंय ना ते बघणं, अशी यादी होत असेल तर तुम्हाला मार्केटिंग सांभाळणारा सहायक हवाय. तो जरूर ठेवा. पण जाहिरातीत वेब डेव्हलपर लिहू नका. तीस हजारांत पुण्यात जो डेव्हलपर येईल तो नवशिका असणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. तुमच्याकडे त्याला शिकवायला वरचा कोणी नाही, त्याचं काम बरोबर की चूक हे सांगणारा कोणी नाही. वर्ष-दीड वर्षात त्याला हिंजवडीला किंवा खराडीला नोकरी मिळेल आणि तो जाईल; त्याच्या जागी मी असते तर मीही गेले असते. तळेगावकडच्या एका कारखान्यात चार वर्षांत अशी तीन मुलं झाली. प्रत्येकाने आधीच्याचं काम समजत नाही म्हणून साइट पहिल्यापासून लिहायला घेतली. मी गेले तेव्हा तीन अर्धवट साइट सर्व्हरवर पडलेल्या होत्या आणि लोकांना दिसत होती ती सगळ्यात जुनी.

तर पगारी डेव्हलपर बाजूला ठेवा. तीन वर्षांचा खर्च मांडला तर पगारच १० लाख ८० हजार होतो. तुमच्याकडे वीसहून जास्त माणसं आहेत, त्यामुळे पीएफही धरा. कॉम्प्युटर आणि बसायची जागा धरून बारा लाखांच्या घरात जाल.

फ्रीलान्सरचं गणित असं. मजकुराचे ११ तास तुमच्याच ऑफिसातल्या कोणीतरी करायचे, त्याबद्दल खाली सांगते. उरले वर्षाला ५४ तास. तासाला ८०० रुपये धरले तर ४३ हजार होतात. अडीअडचणीला थोडी जागा ठेवून महिना चार हजार धरू. तीन वर्षांचे १ लाख ४४ हजार, वर बांधणीचे ७० हजार, एकूण २ लाख १४ हजार. एजन्सीचे अडीच लाख आणि छत्तीस महिन्यांचे ३ लाख ६० हजार, एकूण ६ लाख १० हजार. एजन्सीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी येईल, पण तुमची नोंदणी असणार, म्हणजे तो तुम्हाला इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो. म्हणून तुलना जीएसटीशिवायच करा.

फरक ३ लाख ९६ हजारांचा आहे, म्हणजे महिन्याला बरोबर ११ हजार. आता प्रश्न नेमका झाला: महिन्याला ११ हजार जास्त देऊन एजन्सीकडून काय मिळतं?

चांगलं काम मिळतं असं बहुतेकांना वाटतं. माझा अनुभव तसा नाही. उत्तम फ्रीलान्सरचं काम मध्यम एजन्सीपेक्षा सरस असतं, कारण ज्याच्याशी तुम्ही बोलता तोच काम करतो. एजन्सीकडून मिळायला हवं ते सातत्य. एक जण आजारी पडला, लग्नाला गावी गेला, नोकरी सोडून गेला, तरी दुसरा फोन उचलतो आणि त्याला तुमच्या साइटची माहिती असते. पण हे प्रत्येक एजन्सीत असतंच असं नाही. सहा-सात जणांच्या एजन्सीत विक्री एक जण करतो, डिझाइन एक जण करतो, आणि तुमची साइट प्रत्यक्षात एकाच मुलाच्या डोक्यात असते. माझ्या स्वतःच्या एजन्सीत पहिली काही वर्षं असंच होतं. एक मुलगी नोकरी सोडून गेली तेव्हा तिच्याकडच्या अकरा ग्राहकांचे पासवर्ड आम्हाला तिला फोन करून विचारावे लागले. ती भली होती, तिने दिले. त्यानंतर आम्ही प्रत्येक साइटची एक पानाची नोंद ठेवू लागलो: कुठे होस्ट केलीय, बॅकअप कुठे आहे, काय केलं की काय बिघडतं.

म्हणून कोथरूडच्या एजन्सीत जाऊन बसा आणि सांगा, तुमच्या एखाद्या जुन्या ग्राहकाची अशी नोंद दाखवा, नाव झाकून दाखवलीत तरी चालेल. आणि गेल्या महिन्यात एएमसीत त्या ग्राहकासाठी काय काय केलं तेही दाखवा. दोन्ही कागद पाच मिनिटांत निघाले तर त्या ११ हजारांत काहीतरी आहे. "सगळं आमच्या सिस्टीममध्ये आहे, पाठवतो" असं उत्तर आलं आणि आठवडाभरात काही आलं नाही, तर तुम्ही फ्रीलान्सरच घेताय, फक्त एजन्सीच्या दराने. आणखी एक विचारा, साइट कशात बांधणार. वर्डप्रेससारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या गोष्टीत असेल तर उद्या दुसरा माणूस ती हातात घेऊ शकतो. एजन्सीने स्वतः लिहिलेल्या पॅनेलमध्ये असेल तर एजन्सी सोडताना साइटही सोडावी लागते.

आता तुमच्या धंद्यात त्या सातत्याची गरज किती? साइट दोन दिवस बंद पडली तर काय होईल? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. तुमचे ग्राहक तुम्हाला ओळखतात, ड्रॉइंग मेलवर येतात, शेड्यूल मेलवर येतं. पण मेल दोन दिवस बंद पडला तर? तर डिस्पॅच अडतो. आणि नेमकी इथे गफलत होते, कारण साइट आणि मेल एकाच डोमेनवर टांगलेले असतात आणि साइट बदलणारा माणूस नकळत मेल तोडतो.

ते कसं होतं ते समजून घ्या, म्हणजे तुम्हाला आधीच अडवता येईल. डोमेनच्या नोंदी एका ठिकाणी ठेवलेल्या असतात. त्या ठिकाणाला नेमसर्व्हर म्हणतात. त्यात एक नोंद सांगते साइट कुठल्या सर्व्हरवर आहे, आणि `MX` नावाची नोंद सांगते मेल कुठे पोहोचवायचा. नवा माणूस नवं होस्टिंग घेतो, होस्टिंगवाले सांगतात नेमसर्व्हर बदला, तो बदलतो. नव्या ठिकाणी साइटची नोंद आहे, पण जुन्या `MX` नोंदी कोणी उतरवून घेतलेल्या नसतात. साइट झकास दिसते. मेल यायचे बंद होतात, आणि लगेच कळतही नाही, कारण बदल सगळीकडे पोहोचायला काही तास ते एक-दोन दिवस लागतात. बाहेर जाणारे मेल जात असतात, आत येणारे हळूहळू आटतात. माझ्या माहितीतल्या एका युनिटमध्ये हे बुधवारी संध्याकाळी झालं. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी. शुक्रवारी दुपारी ग्राहकाच्या परचेसमधून फोन आला की तुम्हाला पाठवलेले मेल परत येताहेत.

म्हणून काम कोणालाही द्या, आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून, `example.com` च्या जागी तुमचं डोमेन टाकून हे चालवा आणि उत्तर जपून ठेवा:

```
nslookup -type=ns example.com
nslookup -type=mx example.com
```

साइट बदलल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी परत चालवा. `MX` चं उत्तर तेच आलं पाहिजे. नोंदी `MX` शिवायही असतात. तुमचा मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून `TXT` प्रकारच्या काही असतात, त्याही हलवायच्या असतात. पण नव्या माणसाला कामाआधी एवढंच विचारा, "नेमसर्व्हर बदलणार की फक्त साइटची नोंद बदलणार?" जो म्हणेल "नेमसर्व्हर तसेच ठेवू, एक नोंद बदलली की झालं" किंवा "बदलावे लागले तर आधी सगळ्या नोंदी उतरवून घेऊ", त्याने हे पूर्वी केलेलं आहे.

याहून मोठा धोका डोमेनच्या मालकीचा. मी फ्रीलान्सर होते तेव्हा ग्राहकांची डोमेन माझ्याच खात्यातून घ्यायचे. ग्राहकाला त्रास नको, नूतनीकरण मीच करेन, असा हेतू होता. ते चूक होतं आणि ते मला फार उशिरा कळलं. माझ्या ओळखीच्या एकाने असंच केलं आणि तो नोकरीसाठी परदेशी गेला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर जात राहिल्या, तो मेल तो बघतच नव्हता. एके दिवशी चिंचवडच्या त्याच्या ग्राहकाची साइट आणि मेल एकदमच बंद. डॉट कॉम असेल तर मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्याच दरात नूतनीकरण करता येतं. ते किती दिवस हे ज्याच्याकडून डोमेन घेतलंय त्याच्यावर अवलंबून असतं. पुढे ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत मिळते, त्यात बरेच जास्त पैसे पडतात. त्यानंतर पाच दिवसांनी नाव मोकळं होतं आणि कोणीही घेऊ शकतो. पण यातलं काहीही करायला खात्यात शिरावं लागतं, आणि खातं त्या मुलाचं. त्याच्या वडिलांमार्फत त्याला गाठून डोमेन सोडवायला अकरा दिवस गेले. अकरा दिवस ५० माणसांचा कारखाना खासगी जीमेलवर चालला.

तेव्हा डोमेन तुमच्या कंपनीच्या खात्यात, कंपनीच्या नावावर, कंपनीच्या कार्डाने. आणि त्या खात्याचा मेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, कारण डोमेन बंद पडलं तर पासवर्ड बदलायचा मेलही येणार नाही. होस्टिंगचं तेच. विकत घेतलेल्या थीम आणि प्लगइनचंही तेच: परवाना फ्रीलान्सरच्या खात्यावर असेल तर तो गेल्यावर साइट चालू राहते, पण अपडेट येणं बंद होतं, आणि जुने प्लगइन हाच साइट हॅक होण्याचा नेहमीचा रस्ता आहे. नव्या माणसाला वेगळं लॉग-इन काढून द्या. तुमचा मुख्य पासवर्ड कोणालाच नको.

एक मुद्दा कागदाचा, आणि तो तीन पर्यायांत खरोखर फरक पाडतो. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते. फ्रीलान्सरचं आणि एजन्सीचं तसं नाही. तुम्ही पैसे दिलेत म्हणून कोड तुमचा होत नाही. लेखी हस्तांतर लागतं आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. त्यातही कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. वर्क ऑर्डरमध्ये एवढं वाक्य पुरे: "पूर्ण पैसे मिळाल्यावर या कामासाठी तयार केलेला कोड, डिझाइन आणि मजकूर यांचे सर्व कॉपीराइट हक्क कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि सर्व जगासाठी कंपनीकडे हस्तांतरित होतील." दोघांच्या सह्या घ्या. वर्डप्रेस स्वतः मुक्त आहे, तो कोणी तुम्हाला विकायचा प्रश्न नाही. हे तुमच्यासाठी केलेल्या भागापुरतं आहे. माझ्या एजन्सीला हे वाक्य कधी अडचणीचं वाटलं नाही. प्रामाणिक माणसाला ते वाटणारही नाही.

आता सांभाळणं म्हणजे नेमकं काय, कारण एएमसी या शब्दाखाली काहीही येतं. तुमच्या साइटला महिन्याला लागतं ते इतकंच: अपडेट करणं आणि नंतर पानं उघडून बघणं, बॅकअप सर्व्हरबाहेर ठेवणं, आणि चौकशीचा फॉर्म चालतोय का ते तपासणं. या तिसऱ्याकडे कोणीच बघत नाही आणि तुमचं खरं नुकसान तिथेच होतं. फॉर्म बंद पडला तर आवाज होत नाही. समोरच्याला "धन्यवाद, संपर्क करू" असं दिसतं, मेल मात्र स्पॅममध्ये जातो किंवा निघतच नाही. मी एका कंपनीत तपासलं तेव्हा चार महिन्यांच्या चौकशा अशा साठलेल्या होत्या, त्यात दोन परदेशातल्या. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला तुमच्या ऑफिसातल्या कोणीतरी स्वतःच्या जीमेलवरून फॉर्म भरायचा आणि तो कंपनीच्या मेलमध्ये आला का ते बघायचं. दोन मिनिटं लागतात.

तोच माणूस मजकुराचे ते ११ तास करेल. तुमच्याकडे कोटेशन किंवा डिस्पॅच बघणारं कोणीतरी असेल, ज्याला वर्ड आणि एक्सेल नीट येतं. बांधणाऱ्याने त्यांना दोन तास शेजारी बसवून फोटो, प्रमाणपत्र आणि सूचना कशी टाकायची ते शिकवायचं, आणि ते शिकवणं वर्क ऑर्डरमध्ये लिहायचं. भागीदारांना हवा असलेला घरचा माणूस तुम्हाला असा मिळतो, फक्त महिन्याला एक तास आणि आहे त्या पगारात.

माझा सल्ला फ्रीलान्सरकडे झुकतो, कारण तुमची साइट ऑर्डर घेत नाही, मेल तुम्ही वेगळा सुरक्षित ठेवू शकता आणि चाव्या तुमच्याकडे असतील तर माणूस गेला तरी काम अडत नाही. दोन अटी मात्र आहेत. एक, अडीअडचणीला दुसरा माणूस कोण, ते त्यानेच आज सांगावं. चांगल्या फ्रीलान्सरांचे असे एकमेकांना सांभाळणारे मित्र असतात. दोन, ७० हजारांत जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवणं आहे का ते विचारा. आठ वर्षांत गूगलला तुमची जी पानं माहीत झालीत ती एकदम नाहीशी झाली तर शोधात तुम्ही मागे पडता. पत्ते असे वळवण्यालाच `301` म्हणतात, आणि स्वस्त कोटेशनमध्ये हेच बहुधा गाळलेलं असतं.

एकदम ७० हजारांचं काम देऊ नका. आधी पाच-सात हजारांचं एक छोटं काम द्या, पैसे देऊन: तुमच्या जुन्या साइटचा पूर्ण बॅकअप घ्यायचा आणि तो दुसऱ्या, तात्पुरत्या जागी उभा करून दाखवायचा. बॅकअप घेतो म्हणणारे सगळेच असतात, त्यातून साइट परत उभी करून दाखवणारे कमी. आठवडाभरात त्याने ते केलं, मध्ये काय अडलं ते स्वतःहून सांगितलं, आणि शेवटी काय कुठे आहे याचं एक पान लिहून दिलं, तर निर्धास्तपणे त्याला काम द्या. नाही जमलं तर सात हजारांत सुटलात, आणि मग एजन्सीलाही हेच काम द्या. मोठ्या कामाचे पैसे टप्प्याने द्या, आणि शेवटचे दहा टक्के साइट सुरू झाल्यावर ३० दिवसांनी. साइट लोकांसमोर आल्यानंतरच्या महिन्यातच बहुतेक गोष्टी बाहेर येतात.

पण हे सगळं सुरू करण्याआधी जुन्या गृहस्थांचं काम उरका. डोमेन कोणाच्या खात्यात आहे आणि मुदत कधी संपते ते त्यांना विचारा. त्यांच्या खात्यात असेल तर तुमच्या खात्यात हलवायचा कोड मागा, होस्टिंगचं लॉग-इनही मागा. त्यांची काही बाकी राहिली असेल तर ती आधी देऊन टाका. अडून बसलेल्या बऱ्याच जणांच्या मागे न दिलेलं एखादं बिल असतं, आणि आठ वर्षं साइट चालू ठेवलेल्या माणसाचं ते देणं लागतंच. फोनवर होत नसेल तर येत्या गुरुवारी, तुमचं युनिट बंद असेल तेव्हा, त्यांच्याकडे प्रत्यक्ष जा आणि त्यांच्या समोर बसूनच खातं बदलून घ्या.